निम्मेच का करायचे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया (नाव दिलेले नाही) : "लेख दहावीच्या प्रकल्पवहीसारखा झाला आहे. साकवाच्या उपमा देऊन टीसीपी समजत नाही. स्लो स्टार्ट मुळीच स्लो नसतो. दर पोचेला विंडो दुप्पट होते हे तर धादांत चूक. पॅकेट हरवले की विंडो निम्मी करणे हा १९८८ सालचा मनमानी आकडा आहे, त्यामागे कसलेही गणित नाही. आणि आज सगळीकडे क्युबिक चालते, हे लेखकाच्या गावीही नाही."

उत्तर :

महोदय किंवा महोदया, आपण नाव दिलेले नाही, त्यामुळे नेमके कसे संबोधावे हे कळत नाही. मतभेदाचे मला वावडे नाही. पण सहा वाक्यांच्या प्रतिक्रियेत पहिलेच वाक्य लेखकाची इयत्ता ठरवण्यात खर्च करणाऱ्याला पुढची पाच वाक्ये नीट वाचली जावीत अशी अपेक्षा असेल, तर ती जरा जास्त आहे. तरीही मी ती वाचली, दोनदा वाचली. लेख न वाचलेल्यांसाठी एवढेच, की तो टीसीपीविषयी होता, म्हणजे इंटरनेटवरून माहितीची पॅकेटे पाठवण्याच्या नियमांविषयी. पॅकेट मिळाल्याची परत येणारी पावती ती पोच, पॅकेट जाऊन पोच येईपर्यंतचा वेळ ती फेरी, आणि पोचेची वाट न पाहता जितकी पॅकेटे वाटेवर सोडता येतात तो आकडा म्हणजे विंडो.

एक चूक आधीच मान्य करतो. दर पोचेला विंडो दुप्पट होत नाही. स्लो स्टार्टमध्ये, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या टप्प्यात, प्रत्येक नव्या पोचेमागे विंडो एका पॅकेटने वाढते, आणि एका फेरीत जितकी पॅकेटे गेली तितक्या पोचा परत आल्या की पूर्ण फेरीअखेर ती दुप्पट झालेली असते. समोरचा संगणक दोन पॅकेटांना मिळून एकच पोच देत असेल तर वाढ त्याहूनही कमी होते. घाईत लिहिलेले वाक्य होते; दुरुस्त करतो. स्लो स्टार्ट स्लो नसतो, हे मूळ लेखातच आहे. त्या आधीचे टीसीपी पलीकडच्याने सांगितलेली सगळी विंडो एका दमात वाटेवर ओतून मोकळे होत असे, त्याच्या तुलनेत तो हळू. एवढाच त्या नावाचा अर्थ आहे.

आता 'मनमानी आकडा'. हे वाक्य मला लागले, हे लपवण्यात अर्थ नाही, कारण लेखातला माझ्या मते सर्वांत सुंदर भाग आपण त्या एका शब्दात झटकून टाकला आहे.

माझ्याच घरच्या जोडणीचे उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी गोळाबेरीज केलेले आहेत. वर पाठवण्याचा वेग ८ मेगाबिट प्रतिसेकंद, पॅकेट १,५०० बाइटचे, म्हणजे एक पॅकेट तारेवर चढायला दीड मिलिसेकंद. रिकाम्या वाटेने पॅकेट जाऊन पोच परत यायला ८० मिलिसेकंद. म्हणजे वाट पूर्ण भरलेली असते तेव्हा तिच्यावर साधारण ५३ पॅकेटे असतात. शिवाय राउटरच्या रांगेत आणखी ३० पॅकेटे थांबू शकतात असे धरू. एकूण ८३. चौऱ्याऐंशीव्याला जागा नाही, ते टाकले जाते. हा आकडा पाठवणाऱ्याला कोणी सांगत नाही. त्याने तो चाचपडतच शोधायचा असतो.

तो १० पॅकेटांपासून सुरुवात करतो, मग २०, मग ४०, मग ८०. इथपर्यंत सगळे मावते. पुढच्या फेरीत ८३ ची मर्यादा ओलांडली जाते आणि पॅकेटे गळू लागतात. पण गळल्याची बातमी पाठवणाऱ्यापर्यंत लगेच पोहोचत नाही. हरवलेल्या पॅकेटाच्या मागून गेलेली पॅकेटे पलीकडे पोहोचायला हवीत आणि त्यांच्यामुळे त्याच त्या जुन्या क्रमांकाच्या पोचा परत यायला हव्यात. तशा तीन आल्या की समजायचे, मधले एक गेले. यात साधारण एक फेरी जाते, आणि त्या फेरीत जुन्या पॅकेटांच्या पोचा येतच असल्याने विंडो तोवर जवळजवळ दुप्पट होऊन १६० च्या आसपास गेलेली असते. म्हणजे बातमी मिळते त्या क्षणी हातातला आकडा खऱ्या मर्यादेच्या सुमारे दुप्पट असतो. त्याला दोनने भागा. ८० येतात. जिथे एका फेरीपूर्वी सगळे सुरळीत चालले होते, नेमके तिथेच आपण परत येतो. हा आकडा दुप्पट होण्याच्या नियमातूनच निघतो. याला मनमानी म्हणायचे असेल तर वजाबाकीलाही मनमानी म्हणावे लागेल.

यावर आपण म्हणाल की स्लो स्टार्ट तर संपला, पुढे फेरीला एकेकच पॅकेट वाढते, तेव्हा ८४ ला गळती झाली तर ८३ वर यावे, ४२ वर कशाला? प्रश्न रास्त आहे. (आपण तो विचारलेला नाही, मीच आपल्या वतीने विचारतो आहे.) टीसीपीत हा नियम आणणाऱ्या व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात याचे जे उत्तर दिले ते असे, की संथपणे चाललेल्या वाटेवर अचानक गळती झाली, तर बहुधा कोणीतरी दुसरा त्याच वाटेवर आला आहे. आधी एकटे होतात, आता दोघे आहात. निम्मी जागा सोडा. हा अंदाज आहे, सिद्धता नाही, हे मीही मानतो. पण त्याच सुमारास रामकृष्णन आणि जैन यांच्या गर्दी टाळण्याच्या पद्धतीत विंडोला ०.८७५ ने गुणले जात होते आणि जेकबसन यांना तो आकडा माहीत होता. पर्याय समोर असताना त्यांनी निम्मे निवडले.

आणि गणित म्हणाल तर डा-मिंग चिउ व राज जैन यांनी १९८९ मध्ये ते मांडले. माझ्याच तारेवर ते करून पाहू. माझा बॅकअप ७२ पॅकेटांची विंडो घेऊन निवांत चालला आहे, आणि भाच्याने व्हिडिओ चढवायला घेतला, त्याची विंडो १२ झाली. बेरीज ८४. दोघांचीही पॅकेटे गळली असे धरू. दोघे निम्मे होतात : ३६ आणि ६. अंतर ६० होते, ते ३० झाले. मग दोघेही फेरीला एकेक वाढतात, त्यामुळे अंतर बदलत नाही. २१ फेऱ्यांनी ५७ आणि २७ होऊन पुन्हा ८४ भरतात. पुन्हा निम्मे. अंतर १५. पुढच्या गळतीला साडेसात, त्याच्या पुढच्या गळतीला चारहून कमी. एका फेरीला सरासरी दशांश सेकंद धरला तर दोनेक सेकंदांत एक आवर्तन, आणि दहा सेकंदांच्या आत मामा-भाचे जवळजवळ समान वाटणीवर येतात, तेही एकमेकांचा पत्ता नसताना.

आता नियम बदलून पाहा. वाढ एकेकने आणि घटही ठरावीक सहाने केली तर ७२ चे ६६ होतात, १२ चे ६, आणि साठाचे अंतर कायम साठच राहते. वाढही पटीत आणि घटही पटीत केली तर सहास एक हे प्रमाण जन्मभर हलत नाही. बेरजेने चढणे आणि गुणाकाराने उतरणे या एकाच जोडीत अंतर आपोआप मिटते. मिटण्यासाठी गुणक निम्माच हवा असे नाही, एकाहून लहान कोणताही चालेल, ०.८७५ घेतला तर पहिल्या गळतीला साठाचे साडेबावन्नच होतात, इतकाच फरक. त्याची किंमतही आहे. ८४ चे ४२ झाले की ५३ पॅकेटांची वाट पुरती भरत नाही, आणि पुन्हा भरेपर्यंत ११ फेऱ्या, म्हणजे सुमारे एक सेकंद, तार अर्धवट रिकामी चालते. रांग ३० ऐवजी ५३ पॅकेटांची असती तर हा तोटा झाला नसता.

आपण इयत्तेचा विषय काढलाच आहे म्हणून सांगतो. २००४ ते २०११ मी कुडाळला सायबर कॅफे चालवत होतो. नऊ संगणक, २५६ किलोबिटची एक तार, आणि पावसात ती तार महिन्यातून चार दिवस मृत. बारावीच्या निकालाच्या दिवशी एका कोपऱ्यातल्या पोराचे मोठे डाउनलोड चालू असतानाही बाकी आठ जणांना आपापला निकाल दिसत होता, याचे श्रेय मी आपण 'मनमानी' म्हटलेल्या नियमाला देतो. त्याच कॅफेत तो नियम कुठे हरतो तेही मी पाहिले. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने डाउनलोड जलद करणारा प्रोग्रॅम बसवला, जो एकाच फाइलसाठी आठ जोडण्या उघडत असे. वाटणी जोडणीमागे होते, माणसामागे नाही. त्यामुळे तो एकटा आठ वाटे घेऊन बसला, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंना मुंबईच्या लेकाचा मेल उघडायला चहा संपेपर्यंत वाट पाहावी लागली. प्रोग्रॅम काढला, पाच मिनिटांत सगळे पूर्ववत. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. आपण कुठे वाचले ते आपणच जाणे.

क्युबिक, म्हणजे विंडो वाढवण्या-घटवण्याचा नंतरचा नियम, त्याविषयी फार लिहीत नाही. लिनक्समध्ये ते कित्येक वर्षे मूळचेच आहे, हे 'माझ्या गावी' नक्की आहे, गावात लिनक्सही आहे. क्युबिक गळतीनंतर विंडो निम्मी न करता ०.७ वर आणते आणि पुढची वाढ गेल्या गळतीला किती वेळ झाला त्यावरून ठरवते. घट तिथेही गुणाकारानेच होते. जुना नियम उघडा पाहायचा असेल तर तो आजही यंत्रात आहे :

```
sudo sysctl -w net.ipv4.tcp_congestion_control=reno
ss -tin
```

मोठी फाइल चढवत ठेवा आणि दुसरी आज्ञा पुन्हा पुन्हा चालवा. सुरुवातीला `cwnd`, म्हणजे विंडो, झपाट्याने वाढताना दिसेल आणि `ssthresh`, म्हणजे स्लो स्टार्ट जिथे थांबतो ती मर्यादा, दिसणारच नाही, कारण ते अजून ठरलेले नसते. पहिल्या गळतीनंतर `ssthresh` प्रकट होईल आणि त्यानंतर `cwnd` फेरीला एकेकने सरकताना दिसेल. मी काल रात्री ओट्यावर बसून हे पुन्हा केले, केवळ आपल्यासाठी.

राहिली साकवाची उपमा. पऱ्यावर एका माणसापुरता साकव असतो, पलीकडे किती जण खोळंबलेत ते अलीकडून दिसत नाही, आणि कोणी हाक मारून सांगितले तरी ती हाक उशिरा पोहोचते. हे आपल्याला पोरकट वाटले, तर आपण साकवावरून पाण्याचे हंडे घेऊन कधी गेला नसाल. 'दर पोचेला दुप्पट' हे वाक्य आजच दुरुस्त केले आहे. साकव तिथेच ठेवला आहे.