धडधडतंय? मग आणखी एक कप घ्या म्हणे!

"कॉफीने घाबरायला होतं हा मनाचा खेळ. धडधडलं तरी सोडू नका, रोज एक कप वाढवा, शरीराला सवय होते. दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफीन सगळ्यांना चालतं. त्रास दुधामुळे होतो, काळी प्या."

हा फिरणारा मेसेज आता घरच्या ग्रुपवरही आला. तिथे पॅनिक अटॅकची औषधं घेणारं माणूस आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

दुधाचं आधी उरकू. दुधाने कपातलं कॅफीन वाढतही नाही, कमीही होत नाही.

खरा धोका "कप वाढवा" यात आहे. मेंदूला शांत करणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची वाट कॅफीन अडवतं, त्यामुळे छातीत धडधड आणि हाताला थरथर सुरू होऊ शकते. पॅनिकच्या रुग्णाला हीच लक्षणं झटक्याची सुरुवात वाटतात, तो घाबरतो आणि धडधड आणखी वाढते. पॅनिकच्या रुग्णांना कॅफीन देऊन पाहिलेल्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. साधारण पाच कपांइतकं कॅफीन एकदम दिल्यावर पॅनिकच्या जवळपास निम्म्या रुग्णांना झटका आला. कॅफीन नसलेलं पेय दिल्यावर एकालाही आला नाही. मनाचाच खेळ असता तर त्या पेयानेही आला असता. पाच कप एकदम कोणी पीत नाही, हे मान्य. सवय होते हेही अर्धं खरं, रोज पिणाऱ्या पुष्कळांना त्रास कमी जाणवतो. पण ज्याला झटके येतात त्याने ते स्वतःवर आजमावायचं नसतं.

400 चा आकडा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा आहे, पण निरोगी प्रौढांसाठी. एका वेळी 200 ही मर्यादा त्याच अहवालात आहे, ती मेसेजमधून गळली. गरोदरपणात तर दिवसभराचे मिळून 200.

हिशोब करू. दोन सपाट चमचे इन्स्टंट कॉफीत साधारण 120 मिलिग्रॅम धरा. सकाळी 7, 11 आणि दुपारी 4 ला एकेक मग घेतला की 360 झाले, म्हणजे मर्यादेतच. कॅफीन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, तर रात्री 11 ला अंगात 80 च्या आसपास उरतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा वेळ जवळपास दुप्पट होतो, आणि त्याच तीन मगांचे रात्री 165 उरतात. झोप उडते, सकाळी आणखी कडक कॉफी लागते. फ्लुवोक्सामीन हे मानसिक आजारांवरचं औषध घेणाऱ्यांच्या अंगात तर ते त्याहून कितीतरी जास्त वेळ राहतं.

कमी करायचं तर एकदम तोडू नका, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि लोक पुन्हा मग उचलतात. आधी चारचा मग अर्ध्यावर आणा, चार दिवसांनी तो बंद करा, मग 11 च्या मगातला अर्धा चमचा कमी करा. चहा, कोला आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतलं कॅफीनही याच हिशोबात धरा.

कॉफी सोडून दोन आठवडे झाले तरी धडधड राहिली, तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासा. धडधडीबरोबर छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.