लिफ्ट, दहा खोकी आणि ३४ टक्क्यांची गडबड

"फोटोतला लिफ्टचा प्रश्न बघा. X ~ N(48, 25), अशी १० खोकी, वजनं एकमेकांपासून स्वतंत्र, लिफ्टची लिमिट ५०० किलो, तर एकूण वजन लिमिटच्या वर जायची प्रोबॅबिलिटी किती? मागे उत्तर ०.१०३ छापलंय ते साफ चूक आहे. १) एका खोक्याचा एसडी ५, मग दहाचा ५०, म्हणजे z = 0.4, उत्तर ३४.४६ टक्के. २) पडताळा: एकच खोकं ५० च्या वर जायची प्रोबॅबिलिटीपण बरोबर ३४.४६ च येते. ३) आणि समजा चुकलं तरी मोठा आकडा धरणं सेफच. ४) खऱ्या गोडाऊनमध्ये 'स्वतंत्र' वगैरे काही नसतं. पटलं तर पुढे पाठवा."

ही फिरणारी पोस्ट पटली नाही. पुस्तकात मागे छापलेलं ०.१०३ बरोबर आहे. गंमत अशी की ३४.४६ हेही एका प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर आहे, फक्त तो प्रश्न फोटोत नाहीये. (५० आणि खोकी एकत्र आल्यावर जो जोक होतो तो झालाय असं धरून पुढे जाऊ.)

पहिला मुद्दा नीट बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे. दहा ठेवा बाजूला, दोनच खोकी घ्या, आणि नॉर्मल वगैरेही विसरा. समजा खोक्याचं वजन नाणं उडवून ठरतं, छापा आला तर ५३ किलो, काटा आला तर ४३. सरासरी ४८, आणि दरवेळी सरासरीपासून ५ किलो लांब, म्हणजे एसडी ५.

आता एकदाच नाणं उडवलं आणि आलेलं वजन डबल केलं, तर एकूण एकतर १०६ नाहीतर ८६. सरासरी ९६, दरवेळी १० किलो लांब, एसडी १०. हे झालं 2X. पण लिफ्टमध्ये दोन वेगळी खोकी चढतात, म्हणजे नाणी दोन. छापा-छापा १०६, काटा-काटा ८६, आणि छापा-काटा किंवा काटा-छापा आलं तर दोन्ही वेळा सरळ ९६. चारातल्या दोन वेळा एकाचं जास्तीचं दुसऱ्याच्या कमीत जिरून गेलं. फरकांचे वर्ग १००, ०, ०, १००, त्यांची सरासरी ५०, वर्गमूळ ७.०७. १० नाही, ७.०७. आणि ते ५० कुठून आलं बघा, २५ अधिक २५. म्हणजे स्वतंत्र गोष्टींची बेरीज करताना व्हेरियन्सची बेरीज होते, एसडीची होत नाही, एसडी शेवटी वर्गमूळ काढून मिळवायचा.

दहा खोक्यांचं हेच. व्हेरियन्स २५ दहा वेळा, २५०, वर्गमूळ १५.८१. सरासरी मात्र सरळ दहापट, ४८०. लिमिट तिथून २० किलो वर, २० भागिले १५.८१ म्हणजे 1.265, आणि त्याच्या उजवीकडचा भाग ०.१०३. टेबल हाताशी नसेल तर शीटमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
=1-NORM.DIST(500,480,SQRT(250),TRUE)
```

यात कुठे 'अंदाजे' नाहीये, बरं का. कोणीतरी म्हणेल की खोकी ३० पेक्षा कमी आहेत मग नॉर्मल कसं धरलं, तर स्वतंत्र नॉर्मल वजनांची बेरीज नॉर्मलच असते, दोन असोत की दहा. ३० ची अट इथे लागतच नाही.

एक बारीक गोष्ट, कारण प्रश्न फोटोतून वाचलाय. N(48, 25) मधले २५ हे व्हेरियन्स आहे, एसडी नाही. पोस्टवाल्याने ५ बरोबर घेतलाय, पण २५ लाच एसडी समजणारेही भेटतात, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये त्या जागी खरंच एसडी द्यावा लागतो, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे. ओळखायचं कसं? एसडी २५ धरला तर शून्य किलो हे सरासरीच्या खाली फक्त 1.92 एसडीवर येतं, म्हणजे शंभरातल्या जवळपास पावणेतीन खोक्यांचं वजन शून्याच्याही खाली. असलं खोकं कोणी उचललंय?

आता पडताळा. दोन्ही आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळतात हे खरंय, पण ते जुळणारच होते. सरासरी दहापट, एसडी दहापट आणि लिमिटपण दहापट केली तर z तोच राहणार, 2/5 काय आणि 20/50 काय. म्हणजे एकाच खोक्याचं गणित किलोऐवजी दुसऱ्या एककात परत केलं. हे म्हणजे स्वतःच्याच वहीतून स्वतः कॉपी करून उत्तर जुळलं म्हणण्यासारखं झालं.

खरा पडताळा हवा असेल तर एक फेरी डोळ्यासमोर आणा. समजा काट्यावर ठेवून प्रत्येक खोक्यावर खडूने वजन लिहिलं: ५२, ४४, ४९, ४१, ५५, ४७, ५०, ४६, ५३, ४५. यातली तीन खोकी ५० च्या वर आहेत, ५५ चं तर चांगलंच जड. बेरीज करा, ४८२. लिमिटच्या १८ किलो खाली. ५५ वाल्याने घातलेले ७ किलो ४१ वाल्याने परत काढून घेतले. एखादं खोकं ५० च्या वर जाणं ही तीनात एकदा होणारी साधी गोष्ट आहे, पण दहा खोक्यांची मिळून सरासरी ५० च्या वर जायला बऱ्याच खोक्यांनी एकाच बाजूला झुकायला लागतं, आणि ते कमी वेळा होतं. दहातल्या साधारण एका फेरीत.

तरी विश्वास नसेल तर शीटमध्ये A1 ते J1 या दहा खान्यांत `=NORM.INV(RAND(),48,5)` टाका, K1 मध्ये `=SUM(A1:J1)`, आणि ही ओळ हजार ओळींपर्यंत खाली ओढा. मग `=COUNTIF(K1:K1000,">500")` बघा. बहुतेक वेळा ८५ ते १२० च्या दरम्यान काहीतरी येईल. रिफ्रेश करत बसा, ३४४ काही येणार नाही. पण एका खान्यात वजन काढून त्यालाच दहाने गुणलंत, तर येईल ३४४ च्या आसपास. नाण्याचीच गोष्ट परत.

तिसरा मुद्दा ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा. एसडी मोठा धरला की उत्तर नेहमी मोठं येतं असं नाहीये, ते लिमिट सरासरीच्या वर आहे की खाली यावर ठरतं. हमालाने म्हटलं, जाऊ दे, अजून एक टाक. झाली ११ खोकी. सरासरी ५२८, म्हणजे लिमिट आता सरासरीच्या खाली गेली. बरोबर एसडी 5√11, म्हणजे १६.५८, आणि लिमिट ओलांडायची प्रोबॅबिलिटी ९५ टक्के. पोस्टच्या पद्धतीने एसडी ५५ आणि उत्तर जेमतेम ६९ टक्के. म्हणजे जिथे जवळजवळ दर फेरीला लिफ्ट अडणार तिथे हे गणित सांगतंय की दहातल्या तीन फेऱ्या सुखरूप जातील. सेफ?

उलट बाजूलाही बघा. ९ च खोकी घेतली तर सरासरी ४३२, एसडी १५, लिमिट साडेचार एसडी लांब, लिमिट ओलांडली जायची प्रोबॅबिलिटी दहा लाखांत साधारण ३. पोस्टच्या हिशोबाने मात्र साडेसहा टक्के, म्हणजे पंधरा-सोळा फेऱ्यांत एकदा गडबड. या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी नऊच्या जागी आठ खोकी न्यायला लागला, तर दिवसाच्या फेऱ्या उगाच वाढल्या. या प्रश्नात खरं शिकण्यासारखं मला हेच वाटतं, ९ ला काही नाही, १० ला दहा टक्के, ११ ला जवळजवळ नक्की. दोन खोक्यांच्या फरकात सगळा खेळ उलटतो, आणि चुकीचा एसडी धरला की हीच धार बोथट होते, साडेसहा, चौतीस, एकोणसत्तर अशी सपाट चढण दिसते.

(लिमिट ओलांडली म्हणजे लिफ्ट कोसळली असं कोणी समजू नका. ओव्हरलोडचा सेन्सर असेल तर बझर वाजतो, लिफ्ट हलत नाही आणि कोणालातरी बाहेर पडावं लागतं. आपल्याकडच्या माणसांच्या लिफ्टमध्ये '६ व्यक्ती, ४०८ किलो' अशी पाटी असते, ती माणशी ६८ धरून केलेली आहे, सरळ गुणाकार, तिथे एसडीचा प्रश्नच कोणी विचारलेला नाही.)

चौथा मुद्दा. इथे पोस्टवाल्याला अर्धे मार्क द्यायला हवेत. फोटोत 'स्वतंत्र' लिहिलंय म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर ०.१०३, विषय संपला. पण खऱ्या मालाबद्दल शंका रास्त आहे. एकाच मशीनवर एकाच पाळीत भरलेली खोकी असतील आणि त्या दिवशी मशीन जरा जास्तच सोडत असेल, तर दहाच्या दहा खोकी मिळून जड होणार. किंवा पुठ्ठा पावसात भिजला, तर सगळाच भिजला. मग एकाचं जास्तीचं दुसऱ्याच्या कमीत जिरत नाही.

पण त्याचंही गणित आहे, त्यासाठी थेट दहाने गुणायची उडी मारावी लागत नाही. कोणत्याही दोन खोक्यांतलं कोरिलेशन r धरलं तर दहा खोक्यांचा व्हेरियन्स 250 + 2250r होतो (जोड्या ४५, प्रत्येक जोडी दोनदा, आणि दरवेळी २५ गुणिले r). r शून्य असेल तर २५०, पुस्तकातलं उत्तर. r = 0.2 धरला तर ७००, एसडी २६.५, आणि लिमिट ओलांडायची प्रोबॅबिलिटी साडेबावीस टक्के, म्हणजे थोड्याशा कोरिलेशननेसुद्धा दुपटीच्या वर. आणि r = 1 धरला की व्हेरियन्स २५००, एसडी ५०, उत्तर ३४.४६. सापडलं का? पोस्टमधलं उत्तर बरोबर यायला दहाही खोक्यांचं वजन ग्रॅमपर्यंत एकसारखं हवं, पहिलं ५१.३ तर दहावंही ५१.३. गोडाऊनमध्ये 'स्वतंत्र' नसेलही, पण हे त्याहून जास्त नसतं.

तुमच्या मालाचा r किती ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण काट्यावर कळतं. चाळीसेक फेऱ्यांचं दहा-दहा खोक्यांचं एकूण वजन लिहून ठेवा, फेऱ्या वेगवेगळ्या दिवसांच्या असू द्या, आणि त्या चाळीस बेरजांचा एसडी काढा. सुट्या खोक्याचा एसडी ५ असताना हा १६ च्या आसपास आला तर पुस्तकातलं गणित तुम्हाला चालतं. २५-२६ आला तर दहा खोक्यांचा विचार सोडा, नऊच न्या, r = 0.2 असतानाही नऊला लिमिट ओलांडायची प्रोबॅबिलिटी अर्ध्या टक्क्याच्या खालीच राहते.