हप्ता कमी करून मागण्याची पत्रकला

पगारकपातीचा आदेश हाती पडताच काही उतावळी माणसे कर्जदात्याला पत्र लिहायला बसतात. आपण तसे करू नये. एकही हप्ता चुकलेला नसताना लिहिलेल्या पत्रात ‘माझी परतफेड आजवर नियमित आहे’ हे रुक्ष वाक्य घालावे लागते, आणि ते खरे असल्यामुळे वाचणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवावा लागतो. त्यापेक्षा खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे दोन-तीन हप्ते परत जाऊ द्यावेत. त्यापायी दंड लागेल, विलंब शुल्क लागेल, पतअहवालात नोंद होईल. पण पत्राला कारुण्याची बैठक मिळेल.

पत्राची सुरुवात प्रामाणिकपणा, घराण्याचा लौकिक आणि नियतीचा कोप यांपासून करावी. कर्जखात्याचा क्रमांक लिहू नये. इतक्या कर्जदारांत आपण ओळखू येणार नाही, असे मानणे हा आत्मविश्वासाचा अभाव आहे. पगार ‘बराच कमी झाला’ एवढेच म्हणावे. किती होता, किती झाला, कोणत्या महिन्यापासून आणि कपात तात्पुरती आहे की कायमची, हे सांगितले आणि वर जुनी-नवी पगारपत्रके व कपातीचा आदेश जोडला, तर पत्र साहित्यातून थेट हिशेबात घसरते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किती हप्ता झेपेल हा आकडा चुकूनही लिहू नये. तो लिहिणारी माणसे कशी वागतात ते पाहा. समजा, एकाचे 10 लाखांचे कर्ज बाकी आहे, व्याजदर वार्षिक 9 टक्के आहे, मुदतीचे 120 महिने उरले आहेत आणि हप्ता सुमारे 12,670 आहे. त्याचा पगार 40,000 वरून 32,000 झाला. हा गृहस्थ घरखर्चाचा तक्ता मांडतो आणि लिहितो की, उरलेली मुदत 180 महिने केल्यास हप्ता सुमारे 10,140 होईल. तो मला झेपेल, कारण पगार जसा पाचव्या हिश्शाने घटला तसाच हप्ताही घटेल. आता अशा पत्रावर कारकुनाने करावे तरी काय? विचार करण्यासारखे त्यात काहीच उरलेले नाही. हो किंवा नाही म्हणायचे तेवढे शिल्लक आहे.

आकडा द्यायचाच असेल, तर तो मनाला येईल तो द्यावा. उदाहरणार्थ, 6,000. याच कर्जावर पहिल्या महिन्याचे व्याजच 7,500 होते हे आपण मोजलेले नसावे. कर्जदात्याने भाबडेपणाने होकार दिला आणि व्याजात सूट दिली नाही, तर उरलेले 1,500 मुद्दलात जातील, पुढच्या महिन्यात त्यांच्यावरही व्याज चढेल, आणि दर महिन्याला न चुकता हप्ता भरत कर्ज वाढवण्याचे दुर्मीळ भाग्य आपल्या वाट्याला येईल. (हिशेबी माणूस व्याजाच्या खाली जात नाही. त्याला हे भाग्य कधीच कळणार नाही.)

मुदतवाढीची किंमतही विचारू नये. वरच्या उदाहरणात 60 महिने वाढल्याने एकूण व्याज सुमारे 5 लाख 20 हजारांवरून 8 लाख 25 हजारांच्या आसपास जाते. आपला हिशेबी गृहस्थ त्यामुळे पत्रात आणखी एक ओळ घालतो: पगार पूर्ववत झाल्यावर हप्ता पुन्हा वाढवण्याची किंवा शुल्काविना जादा रक्कम भरण्याची मुभा असावी. शिवाय हा बदल पतअहवालात ‘पुनर्रचित कर्ज’ म्हणून नोंदला जाईल का, हेही तो आधीच विचारून घेतो. आपण इतके संशयी होऊ नये. माणसाचा माणसावर विश्वास हवा.

त्याच विश्वासाने लेखी उत्तराचा आग्रहही सोडावा. फोनवर कुणीतरी ‘बघतो, करून टाकू’ म्हणाले की काम झाले असे समजून पुढच्या महिन्यापासून खात्यात 10,140 च ठेवावेत. मंजुरीपत्र आणि हप्त्यांचे सुधारित वेळापत्रक आलेले नसल्यामुळे खात्यातून आपोआप हप्ता कापण्याचा जुना आदेश ठरल्या तारखेला 12,670 मागायला येईल, तेवढे न सापडल्यामुळे रिकाम्या हाताने परत जाईल, आणि दंडाचे चक्र नव्याने सुरू होईल. यातून निदान दुसऱ्या पत्राची तरी सोय होते: पहिल्या पत्रात ज्याची उणीव होती तो नेमका आकडा आता आयता मिळतो, आणि थकबाकीच्या नोटिशीत तो कर्जदात्याने स्वतःच, खातेक्रमांकासह, काढून दिलेला असतो.