दीडशेमागे एक पेटी, आणि रात्रपाळीत चावी कुणाकडे?

कारखान्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मजकूर: "दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि एक प्रमाणपत्रवाला माणूस असला की कायदा पूर्ण. पेटीत पेनकिलर, अँटिबायोटिक, बर्न क्रीम आणि कापूस भरपूर ठेवा. पाचशेच्या आत खोली लागत नाही. नोंद फक्त मोठ्या अपघाताची करा."

उपचाराच्या खोलीपुरतं म्हणणं खरं आहे. 500 पेक्षा जास्त कामगार असतील तरच ती सक्तीची, आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हाच आकडा आहे. तरी लहान जागेत एक खाट, वाहत्या पाण्याचं बेसिन आणि स्ट्रेचर आत वळेल एवढं दार करून ठेवावं. चक्कर आलेल्याला टाइम ऑफिसातल्या खुर्चीवर बसवून ठेवलं की तो घसरतो.

दीडशेचा आकडा 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 45 मधला, जो नोव्हेंबर 2025 मध्ये नवी संहिता लागू होईपर्यंत चालू होता. तिथे 'किमान' एक पेटी म्हटलं होतं, आणि प्रत्येक पेटीसाठी वेगळा जबाबदार प्रमाणपत्रधारक कामाच्या सगळ्या वेळेत सहज सापडला पाहिजे, असंही. मजकुरातून नेमकी हीच अट गळाली.

समजा गोव्यातल्या वेर्ण्यात 220 जणांचा कारखाना आहे: पहिल्या पाळीत 90, दुसरीत 70, रात्री 60. एका वेळी जास्तीत जास्त 90 माणसं, म्हणजे हिशेबाने एकच पेटी. पण प्रमाणपत्रवाला एकच असला तर इतर दोन पाळ्या उघड्या पडतात. पाळीमागे दोघे ठेवले तरी एकाची साप्ताहिक सुट्टी आणि दुसऱ्याची रजा एका दिवशी आली की कुणीच नाही. चवथीच्या आठवड्यात तर हे हमखास होतं. म्हणून पाळीमागे तिघे, एकूण नऊ. पाळ्या बदलताना त्या तिघांना एकाच गटात ठेवा. माणसं सुटी सुटी फिरवलीत तर महिन्याभरात नऊपैकी सहा एकाच पाळीत सापडतील. पेटीला कुलूप असेल तर चावी पाळीच्या माणसाकडे द्या. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये राहिली तर ती त्याच्याबरोबर सहा वाजता घरी जाते.

आता आतला माल. ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज पेटीत काहीच ठेवू नये, असं तेच कलम सांगत होतं. गोळ्या ठेवल्या की पेटीचा दवाखाना होतो: ॲलर्जी न विचारता अँटिबायोटिक दिलं जातं, आणि पेनकिलर घेऊन माणूस दुखावलेल्या हातानेच मशीनवर परततो. भाजल्यावर क्रीम लावू नका. भाग 20 मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. सूज येण्याआधी अंगठी, घड्याळ काढा. मग न चिकटणारी निर्जंतुक पट्टी सैल ठेवा. क्रीम उष्णता आत कोंडतं आणि डॉक्टरला आधी तेच खरवडावं लागतं. कापसाचे धागे जखमेत रुततात, म्हणून जखमेवर थेट ठेवायला गॉजच.

पेटीत हातमोजे, लहान-मध्यम-मोठ्या निर्जंतुक पट्ट्या, रोलर बँडेज, त्रिकोणी पट्ट्या, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री असावी. पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून पाहा. पाकिटाचा कागद ओला झाला असेल, त्यावर डाग किंवा फुगवटा असेल, तर आतली पट्टी निर्जंतुक राहिलेली नाही, मुदत शिल्लक असली तरी. चिकटपट्टीचा डिंक सुटतो, कात्री गंजते. पेटी वॉश बेसिनच्या भिंतीवर लावली की हे सगळं लवकर होतं.

शेवटी नोंद. वहीत बहुधा एवढंच असतं: "हाताला लागले, पट्टी केली." चार दिवसांनी तोच हात सुजला आणि माणूस रजेवर गेला, तर ती जखम इथलीच होती हे कशावरून ठरवायचं? अपघातामुळे 48 तास किंवा जास्त कामावर येता आलं नाही तर कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाला कळवावं लागतं, आणि विमाधारकाची अपघात नोंदवही ईएसआयच्या नमुना 11 मध्ये ठेवायची असते. म्हणून लहानसा कापही असा लिहा: "दुसरी पाळी, सायं. 7:40, कटिंग मशीन 3, पत्रा उचलताना उजव्या तळहाताला सुमारे 2 सेंमी काप. हातमोजा घातलेला नव्हता. साबण-पाण्याने धुतले, मध्यम पट्टी 1, रोलर बँडेज 1. धनुर्वात इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्रात पाठवले, 9:10 ला परत." खाली उपचार करणाऱ्याची सही. 108 ला फोन केला असेल तर केल्याची आणि गाडी आल्याची वेळही.

अशा नोंदीवरूनच दुसऱ्या दिवशी पेटीत एक मध्यम पट्टी आणि एक बँडेज परत भरलं जातं. आणि महिन्याभरात 'मशीन 3' चौथ्यांदा आलं, तर कडेचा गार्ड बघायला तिथेच जायचं.