टोकं जुळली म्हणून मधलं जुळत नाही

«० ते ९० अंशांत sin x ≥ 2x/π हे दाखवायला कॉन्केव्हची भानगड कशाला? दोन्ही टोकं जुळतात, दोन्ही फलनं चढती आहेत आणि सुरुवातीला साइन जास्त वेगाने चढतो. म्हणजे तो रेषेच्या वरच राहणार, झालं! शिवाय 2/π ही फारच ढिली रेषा आहे. 0.9x सुद्धा चालते, 30 आणि 45 अंश टाकून बघा. आणि इतक्या ढिल्या असमानतेचा उपयोग तरी काय?»

इंदूरमध्ये भंवरकुआं भागात मी अकरावी-बारावीची मुलं शिकवतो. हा मेसेज या आठवड्यात मला चार जणांनी पाठवला. एकाने तर खाली लिहिलं, «सर, आपण उगाच अर्धा तास घालवला.» तो अर्धा तास का घालवला ते सांगतो.

मेसेजमधली पहिली तिन्ही विधानं खरी आहेत. टोकं जुळतात, साइन चढता आहे, आणि शून्यापाशी त्याचा चढ १ असून रेषेचा सुमारे ०.६३७ आहे. पण या तिन्हींतून «वरच राहणार» हे निघत नाही. घाटातला रस्ता आठवा. सुरुवातीला खडा चढ, मध्ये सपाटीसारखा भाग, शेवटी पुन्हा खडा चढ. तो कुठेही खाली उतरत नाही. तरी पायथ्यापासून माथ्यापर्यंत ताणलेल्या दोरीच्या तो आधी वर असतो आणि नंतर खाली जातो.

हेच आकड्यांत करू. कोन काटकोनाचा कितवा भाग आहे ते मोजा, म्हणजे t = 2x/π घ्या. मग आपली रेषा नुसती t होते आणि साइन होतो sin(πt/2). आता हे फलन बघा:

g(t) = t + t(1−t)(1−2t)/2

t = 0 ला ते ०, t = 1 ला १. चढ आहे 1 + (1−6t+6t²)/2. सुरुवातीला तो १.५, म्हणजे रेषेपेक्षा दीडपट. सगळ्यांत कमी होतो तो मधोमध, आणि तिथेही ०.७५ उरतो, म्हणजे फलन सतत चढतं. मेसेजची प्रत्येक अट पूर्ण झाली. आता t = 3/4 टाका, म्हणजे साडेसदुसष्ट अंश. g येतं ०.७०३१, रेषा ०.७५ वर. फलन रेषेच्या खाली गेलं! सुरुवातीचा चढ हुबेहूब साइनइतकाच हवा असेल तर शेवटच्या /2 ऐवजी π/2 − 1 ने गुणा. खेळ तोच राहतो.

मग साइन असा का वागत नाही? त्याचा चढ सतत कमी होत जातो, एकदा कमी झाला की पुन्हा वाढत नाही. g चा चढ मध्यानंतर परत वाढतो, फरक तेवढाच आहे. चढ असा सतत कमी होत जाण्यालाच कॉन्केव्ह म्हणतात. हिंदी पुस्तकात «अवतल», आपल्याकडे «अंतर्वक्र». आरशाच्या धड्यामुळे दोन्ही शब्द ऐकून मुलं गोंधळतात, म्हणून मी वर्गात कॉन्केव्हच म्हणतो. अर्थ एकच धरायचा: आलेखावरचे कुठलेही दोन बिंदू जोडा, ती जीवा आलेखाच्या वर जात नाही.

साइनसाठी हे कॅल्क्युलसशिवाय दिसतं. अकरावीचं सूत्र आहे:

sin a + sin b = 2 sin((a+b)/2) cos((a−b)/2)

कोसाइन १ पेक्षा मोठा नसतो, आणि ० ते ९० अंशांत साइन ऋण नसतो. म्हणून मधल्या कोनाचा साइन हा दोन टोकांच्या साइनच्या सरासरीपेक्षा कमी असू शकत नाही. आता अर्धं अर्धं करत चला. ० आणि ९० घेतले तर sin ४५° किमान १/२. मग ४५ आणि ९० घेतले तर sin ६७.५° किमान १/२ आणि १ यांची सरासरी, म्हणजे ३/४. जिथे g अडखळलं, नेमक्या त्याच जागी साइनला हमी मिळाली (खरी किंमत ०.९२३९). असं करत चौथाई, अष्टमांश, सोळावा भाग, सगळीकडे sin(πt/2) ≥ t मिळतं, आणि मधल्या फटी साइनच्या सातत्याने भरतात.

कॅल्क्युलस येत असेल तर एका ओळीत: दुसरा डेरिव्हेटिव्ह −sin x, जो या टप्प्यात धन होत नाही, म्हणून आलेख कॉन्केव्ह, आणि 2x/π ही (0, 0) आणि (π/2, 1) जोडणारी जीवा.

एक हुशार मुलगी म्हणाली, «सर, मी कॉन्केव्ह वापरलंच नाही. फरकाचा डेरिव्हेटिव्ह cos x − 2/π, तो आधी धन मग ऋण. फरक आधी वाढतो मग घटतो, दोन्ही टोकांना शून्य, म्हणून मध्ये धन.» सिद्धता अचूक आहे. पण बाई गं, तो «आधी धन मग ऋण» एकदाच का बदलतो? कारण cos x सतत घटतो. साइनचा चढ सतत घटणं म्हणजेच कॉन्केव्ह असणं. मागच्या दाराने तेच घरात आलं. हा बदल सुमारे ५०.५ अंशांवर होतो आणि तिथे फरक सगळ्यांत मोठा, साधारण ०.२१ असतो.

आता 0.9x. ३० अंशांवर ०.५ विरुद्ध ०.४७१, ठीक. ४५ अंशांवर ०.७०७११ विरुद्ध ०.७०६८६, म्हणजे केसाच्या अंतराने पास! पण ४६ अंशांवर ०.७१९३ विरुद्ध ०.७२२६, नापास. ६० वर तर ०.८६६ समोर ०.९४२. मेसेज लिहिणारा जिथे थांबायला नको तिथेच थांबला, भिया. खरं तर टाकून बघायचीही गरज नव्हती: शून्यातून जाणाऱ्या रेषेला ९० अंशांवर १ च्या वर जाता येत नाही, म्हणून तिचा चढ 2/π पेक्षा जास्त असूच शकत नाही. रेषा ढिली नाही, याहून घट्ट बसत नाही. आणि ९० अंशांपुढे तीही चालत नाही, कारण रेषा १ च्या वर निघून जाते.

राहिला उपयोग. या असमानतेला फ्रेंच गणितज्ञ कामिय जॉर्दां (१८३८–१९२२) यांचं नाव आहे. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसमध्ये त्यांच्याच नावाच्या लेमात e^(−R sin θ) चं ० ते π/2 इंटिग्रल R वाढला की निदान 1/R च्या वेगाने शून्याकडे जातं हे दाखवायचं असतं. ते सरळ सुटत नाही. इथे sin θ ≤ θ कामाचं नाही, कारण ते उलट्या बाजूचं बंधन देतं; आपल्याला साइन खालून धरायचा आहे. sin θ च्या जागी 2θ/π ठेवला की घातांक साधा होतो आणि इंटिग्रल फार तर

π(1 − e^(−R))/(2R)

इतकं राहतं. R = 10 ला हे ०.१५७ येतं, खरी किंमत जवळपास ०.१०१. म्हणजे दीडपटीच्या आसपास ढिलाई आहे, पण 1/R ने घटणं शाबूत आहे, आणि लेमाला तेवढंच हवं असतं.