शून्य आळशी आहे

"'देव दयाळू आहे' हे वाक्य खोटं नाही, निरर्थक आहे. जे अनुभवानं तपासता येत नाही त्याला अर्थच नसतो, हे तत्त्वज्ञांनी 1936 मध्येच सिद्ध केलंय. शिवाय दयाळू हा शब्द माणसांचा. देवाला लावला की एकतर देव माणूस होतो, नाहीतर शब्द पोकळ होतो. म्हणजे नास्तिकांचंच बरोबर."

या दाव्याच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, ते लवकर आटपतं. 1936 म्हणजे ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांचं 'लँग्वेज, ट्रुथ अँड लॉजिक' हे पुस्तक. त्यात एअरनी स्वतःच लिहिलंय की 'देव आहे' निरर्थक असेल, तर 'देव नाही' हेही तितकंच निरर्थक. नास्तिकाच्या पदरात काहीच पडत नाही.

आता 'सिद्ध केलंय'. पडताळा पुरा आणि पक्का हवा असं म्हटलं, तर 'पाणी तापवलं की उकळतं' हेही वाक्य गळतं, कारण जगातलं सगळं पाणी कुणी तापवून बघितलेलं नाही. विज्ञानाचे नियमच बाद होतात. म्हणून एअरनी अट सैल केली. एखादं वाक्य दुसऱ्या गृहीतकांना जोडल्यावर त्यातून डोळ्यांना दिसेल असं काही निघालं, आणि ते त्या गृहीतकांमधून एकट्यानं निघत नसलं, तर ते वाक्य अर्थपूर्ण.

ही अट मी वर्गात फळ्यावर लावून दाखवतो. वाक्य घेतो, 'शून्य आळशी आहे'. जोडीला गृहीतक, 'शून्य आळशी असेल तर मार्कंडेय नदीला पाणी दिसेल'. नुसत्या गृहीतकातून नदीबद्दल काही निघत नाही. नुसत्या शून्याच्या आळसातूनही नाही. दोन्ही जोडली की 'मार्कंडेय नदीला पाणी दिसेल' हे निघतं, आणि ते कुणीही जाऊन बघू शकतो. झालं, शून्याचा आळस पास! शून्याच्या जागी देव घाला, भूत घाला, काहीही घाला, सगळे पास. ज्या चाळणीतून खडे आणि तांदूळ दोन्ही खाली पडतात, तिनं काय निवडायचं? आळसाचं असंच उदाहरण घेऊन एअरनी 1946 च्या आवृत्तीत ही चूक कबूल केली आणि अट नव्यानं बांधली. 1949 मध्ये अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी तीही तशीच गळते हे दाखवून दिलं.

अर्थात चाळणी फाटली म्हणून समोरचा तांदूळ आपोआप चांगला ठरत नाही. 'देव दयाळू आहे' हे म्हणताना नक्की काय म्हणायचंय, हा प्रश्न उरतोच. म्हणून शब्दाचा मुद्दा मला जास्त वजनाचा वाटतो.

'कर भरला' आणि 'कर जोडले' यांत शब्द एक, अर्थ अगदी वेगळे. 'गाय प्राणी आहे, म्हैस प्राणी आहे' यांत अर्थही एकच. वरच्या दाव्याला एवढे दोनच प्रकार माहीत आहेत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञानं तिसरा सांगितला, साम्यार्थाचा. आमच्याकडं उन्हाळ्यात आजी कोमट ताक पुढं करते आणि म्हणते, "पी, थंड असतं." ती खोटं बोलत नाही. थंडावा पोटाला मिळतो, तो ज्याच्यामुळं मिळतो त्यालाही आपण थंड म्हणतो. तसं चांगुलपणा ज्याच्यामुळं आला, तो देव चांगला. पण एवढ्यावर भागत नाही. दगडही देवामुळंच आले, मग देवाला दगड म्हणायचं का? ही अडचण अक्वायनसला दिसली होती.

साम्यार्थाची दुसरी तऱ्हा. रात्री मालक गाडीत झोपला तरी बैल गाडी नीट घरी आणतो, त्याला आपण शहाणा म्हणतो. घरातली पोरगीही शहाणी. बैलाचं शहाणपण बैलाच्या जातीचं, पोरीचं माणसाच्या जातीचं. तरी शब्द 'कर'सारखा फुटत नाही. देवाची दया तशीच देवाच्या जातीची, असं म्हणता येतं. पण इथं खरी मेख आहे. बैल कसा असतो, पोरगी कशी असते, दोन्ही आपण बघितलंय. देव कसा असतो हे माहीत नाही, म्हणून त्याची दया कशी असेल हेही कळत नाही. एका समीकरणात दोन अज्ञातं. साम्यार्थानं शब्द पोकळ होण्यापासून वाचतो, पण त्यात किती भरलंय हे मोजता येत नाही.

खानापूरकडच्या एका माळकऱ्याच्या पोरानं वर्गात विचारलं, "सर, मग विठूमाउली म्हणजे ताक की बैल?" वर्ग हसला, पण प्रश्न नेमका होता. दोन्ही नाही. आई या शब्दातच कूस आणि दूध येतं, देह येतो, ते रूपक. दयाळू या शब्दात देह येतोच असं नाही. मी त्याला म्हटलं, घरी वडलांना दोन वाक्यं ऐकव. 'विठ्ठल माउली आहे, पण पोटात वाढवणारी नव्हे.' 'विठ्ठल दयाळू आहे, पण खरा दयाळू नव्हे.' दुसऱ्या दिवशी आला. पहिल्याला वडील मान हलवत "बरोबर" म्हणाले होते. दुसऱ्याला त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला होता.