दलालीचं लिहून मागायचं नाही, हे ठरवलं कुणी?

"भाड्याने घर घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचे! १) एक महिन्याचे भाडे ही दलाली सरकारने ठरवून दिली आहे, लेखी मागायची गरज नाही. २) टोकन दिले की दलाली लागू होते, नंतर व्यवहार मोडला तरी परत मिळत नाही. ३) करार रजिस्टर झाला की दलालीही त्यात कायदेशीर होते. ४) एजंटकडे महारेरा नंबर असेल तर काळजी नको. ५) दर वर्षी करार नवा करताना अर्धी दलाली द्यावीच लागते. ६) लेखी मागणाऱ्यांना चांगले फ्लॅट दाखवत नाहीत. सर्वांना पाठवा."

हा मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि नोकरीसाठी वाकडला जागा शोधणाऱ्या माझ्या भाचीने तो खरा मानला. "मावशी, असं लिहून मागणं बरं दिसत नाही म्हणे," असं ती मला फोनवर सांगत होती. मी पिंपरी-चिंचवडमध्ये लिव्ह अँड लायसन्सचे करार भरून देण्याचं काम करते. दलालीवरून झालेली भांडणं माझ्या टेबलासमोर, अंगठे घ्यायच्या दिवशीच फुटतात. त्यामुळे हे वाचून गप्प बसणं मला जमलं नाही.

पहिला मुद्दा सरळ खोटा आहे. महाराष्ट्रात भाड्याच्या घराची दलाली किती असावी हे ठरवणारा सरकारी दर नाही. पुण्या-मुंबईत एक महिन्याचं भाडं मागायची रीत आहे, हे खरं. पण रीत म्हणजे दर नव्हे. तुम्ही आणि एजंट जो आकडा ठरवाल तो दर. अर्धा महिना ठरला तर अर्धा. ठरवायचाच आहे, तर तो दोघांना एकच ऐकू आला की नाही हे दिसायला तो लिहिलेला असायला हवा. कित्येकदा भाडेकरू "एक महिना" ऐकतो आणि एजंटच्या मनात "एक महिना अधिक जीएसटी अधिक करार खर्च" असतं. २४,००० भाड्याच्या फ्लॅटला नुसत्या १८ टक्के जीएसटीचे ४,३२० होतात. जीएसटी घेणारा असेल तर त्याने आपला जीएसटी नंबर असलेलं बिल द्यायला हवं. नंबर नाही आणि बिलही नाही, तर तो कराच्या नावाने पैसे घेऊ शकत नाही.

आता टोकन. या एका ओळीने लोकांचे सर्वात जास्त पैसे जातात, म्हणून इथे जरा थांबते.

भारतीय करार कायदा, १८७२ यात कलम २१९ आहे. त्याचा अर्थ असा: वेगळा करार केलेला नसेल, तर एजंटला सोपवलेलं काम पूर्ण होईपर्यंत त्याचा मोबदला देणं लागू होत नाही. भाडेकरूकडून दलाली मागणारा माणूस आपण भाडेकरूसाठी काम केलं असंच म्हणत असतो. मग ते काम कोणतं? घर दाखवणं? टोकन घेणं? माणूस दलाली देतो ती घर मिळावं म्हणून. मालकाने ऐनवेळी नाही म्हटलं, तर घर मिळालेलं नाही आणि काम पूर्ण झालेलं नाही. याच कलमाच्या उत्तरार्धात एजंटने स्वतःकडे पैसे ठेवून घेण्याचा उल्लेख आहे, पण तो विकलेल्या मालाच्या पैशांबद्दल आहे. त्याचा घराच्या टोकनशी संबंध नाही.

आता त्यातली मेख. "वेगळा करार केलेला नसेल तर" हे शब्द परत वाचा. टोकनच्या पावतीवर बारीक अक्षरात "टोकन दिल्यावर दलाली देय, परतावा नाही" असं छापलेलं असेल आणि तुम्ही खाली सही केलीत, तर तो वेगळा करार झाला. मग कलम २१९ दाखवून फार काही हाती लागत नाही. म्हणजे नुसतं "लेखी घ्या" म्हणणंही पुरेसं नाही, काय लिहिलंय ते बघायला हवं. "काम पूर्ण" म्हणजे काय यावरही वाद घालता येतो. मी मालक तयार केला, माझं काम झालं, असं एजंट म्हणू शकतो. म्हणून तो क्षण शब्दांत बांधून घ्यायचा: करार रजिस्टर होऊन किल्ली हातात आल्यावर.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचं उदाहरण सांगते. भाडं २४,०००, डिपॉझिट १,००,०००. एजंटने १०,००० टोकन स्वतःच्या यूपीआयवर घेतलं. करार भरायला घेतला तेवढ्यात मालकाने आपल्या नातेवाइकाला जागा द्यायची ठरवलं. टोकन परत मागितल्यावर एजंट म्हणाला, ते दलालीत वळतं झालं, मी दोन आठवडे फिरलो त्याचं काय? सुदैवाने या बाईंनी पहिल्याच दिवशी चॅटवर विचारलं होतं, "दलाली कधी द्यायची?" आणि त्याचं उत्तर होतं, "ॲग्रीमेंट झाल्यावर". त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि कलम २१९ चा उल्लेख एका पत्रात घालून आम्ही ते त्याला पाठवलं. पैसे परत आले. ती ओळ नसती तर तोंडाला तोंड लागलं असतं. कायदा बाजूने असूनही सिद्ध काय करणार?

यातून शिकायचं ते तेवढंच नाही. टोकन शक्यतो मालकाच्या खात्यात द्यावं, एजंटच्या नाही. पैसे मालकाकडे असले की "दलालीत वळते केले" हे वाक्यच निघत नाही. एजंटच्या खात्यात द्यावंच लागलं, तर यूपीआयच्या नोंदीत "फ्लॅट ७०४ टोकन, भाड्यात वळते" असं लिहा आणि तेच चॅटवर पाठवून त्याचा होकार घ्या.

तिसऱ्या मुद्द्यात दोन वेगळे कागद एक करून टाकलेत. लिव्ह अँड लायसन्सचा करार मालक आणि भाडेकरू यांच्यात होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. एजंट त्या करारात पक्षकार नसतो. फार तर साक्षीदार म्हणून त्याचं नाव येतं. त्यामुळे रजिस्टर झालेल्या करारात दलाली शोधत बसू नका. तिचा कागद वेगळा, आणि तो अंगठ्याच्या आधी झाला पाहिजे. अंगठा देताना जुनी जागा सुटलेली असते, डिपॉझिट गेलेलं असतं आणि टेम्पो ठरलेला असतो. त्या दिवशी एजंट जो आकडा सांगेल तो लोक निमूट देतात, हे मी नेहमी बघते.

याच ठिकाणी "ॲग्रीमेंटचे ५,०००" असा ठोक आकडाही येतो. वरच्याच घराचा हिशोब करू. ११ महिन्यांचं भाडं २,६४,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचे साधारण ९,१६७. या बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे ६८३, म्हणून मुद्रांक शुल्क सुमारे ७००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. मिळून १,७०० च्या आसपास. त्यावर कागद हाताळणीचं किरकोळ शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे पैसे. आमच्यासारख्यांनाही मजुरी लागते, ती मागण्यात गैर नाही. पण कोणता आकडा सरकारचा आणि कोणता आमचा हे सांगायला हवं, आणि तो दलालीत धरलाय की वेगळा, हेही आधीच.

महारेराचं थोडक्यात. रेरा कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारावर उभी आहे. भाड्याचा व्यवहार त्यात येत नाही. एजंटकडे नंबर आहे ही चांगली गोष्ट असेल, पण भाड्याच्या दलालीची तक्रार घेऊन महारेराकडे गेलात तर दाद मिळण्याची आशा धरू नका.

अर्ध्या दलालीचा पाचवा मुद्दा हा तर हौसेने वाढवलेला आहे. घर मिळवून देण्याचं काम एकदा झालं, मोबदला एकदा दिला. पुढच्या वर्षी मालक तोच, भाडेकरू तोच, एजंटने काय केलं? करार भरून दिला असेल तर त्या कामाचे ठरलेले पैसे द्या. तेवढेच. मात्र सुरुवातीलाच "नूतनीकरणाला अर्धी दलाली" हे तुम्ही मान्य केलेलं असेल, तर द्यावं लागेल. म्हणून ही ओळही आधीच निकाली काढा.

शेवटच्या मुद्द्यातलं थोडं मला मान्य करावं लागतंय. चांगला फ्लॅट एका संध्याकाळी जातो, आणि स्टॅम्प पेपर काढून दलालीचा करार करू म्हणाल तर एजंट पुढच्या माणसाला फोन लावेल. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, हेही खरं. त्यामुळे लिहिलेलं नाही म्हणून दलाली बुडवता येईल असं कुणी समजू नये. पण लेखी म्हणजे स्टॅम्प पेपर असं कुठे आहे? भाचीला मी हा मजकूर लिहून दिला, आणि फ्लॅट पाहायला निघण्याआधी पाठवायला सांगितला:

"नमस्कार दादा. वाकडचा टू बीएचके, भाडं २४,०००. आपली दलाली एकूण २४,०००, जीएसटी धरून. करार रजिस्टर होऊन किल्ली मिळाल्यावर देईन. त्याआधी मालकाकडून व्यवहार मोडला तर टोकन पूर्ण परत. करार नवा करताना दलाली नाही. बरोबर असेल तर 'मान्य' असं कळवा."

यावर "मान्य" आलं की काम झालं. "फोन करा, बोलू" एवढंच उत्तर आलं तर बोला, पण बोलणं संपल्यावर ठरलेलं परत टाइप करून पाठवा. दुसऱ्यांदाही तो लिहायला टाळत असेल, तर आकडा पुढे बदलणार आहे असं समजून दुसरा एजंट बघा. चॅट पुसू नका आणि फोन बदलताना जपा. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यासाठी मूळ चॅट फोनमध्ये असलेली बरी. तिथवर जायच्या आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे पहिला प्रश्न हाच येईल, ठरलं काय होतं आणि ते कुठे लिहिलंय?